दुबईतलं हॉटेलचं बिल रुपयांत भरलं: शून्य मार्कअपचं कार्ड महाग का पडलं?

नाशिकचं एक जोडपं दुबईला जाऊन आलं. निघण्याआधी दोघांनी नीट ठरवलं होतं. तिच्याकडे परकीय चलनावर मार्कअप, म्हणजे बँकेचं वरचं शुल्क, न लावणारं क्रेडिट कार्ड आहे, त्याच्याकडे नेहमीचं, साडेतीन टक्के मार्कअप लावणारं. त्यामुळे हॉटेलचं मोठं बिल तिच्या कार्डावर टाकायचं आणि किरकोळ खरेदी त्याच्या कार्डावर करायची, असं नियोजन. ते त्यांनी पाळलंही. पण घरी आल्यावर स्टेटमेंट्स आली आणि हिशेब उलटा निघाला. शून्य मार्कअपच्या कार्डावर एक दिरहम २५ रुपये १० पैशांना पडला होता आणि साध्या कार्डावर २४ रुपये ३७ पैशांना.

बँकेच्या कार्ड विभागात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून दोन्ही स्टेटमेंट्स, हॉटेलची स्लिप आणि दुकानाची पावती असं सगळं त्यांनी माझ्याकडे पाठवलं. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण इथे मांडतो आहे. समजायला सोपं जावं म्हणून रकमा गोल केल्या आहेत आणि दोन्ही व्यवहारांसाठी मूळ दर एकच धरला आहे.

आधी तो मूळ दर. परदेशात कार्ड चाललं की दिरहमचे रुपये करण्याचं काम सहसा कार्डाचं नेटवर्क करतं, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड. नेटवर्कचा दर रोज ठरतो आणि तो घाऊक चलनबाजाराच्या जवळ असतो. दोन्ही नेटवर्कच्या संकेतस्थळांवर दर काढून देणारं गणकयंत्र आहे. तारीख, चलन आणि रक्कम घालायची आणि बँकेच्या शुल्काचा रकाना शून्य ठेवायचा, की त्या दिवसाचा निव्वळ दर समोर येतो. या प्रकरणात तो एका दिरहमला २३ रुपये ४० पैसे धरू. दुबईपुरती आणखी एक सोय आहे. १९९७ पासून दिरहम डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला आहे. त्यामुळे बातम्यांतल्या डॉलरच्या भावाला ३.६७२५ ने भागलं की दिरहमचा अंदाज येतो. डॉलर ८५ रुपये ९४ पैसे असेल तर दिरहम २३.४०.

हा आकडा हाताशी नसेल तर पुढचं काहीच कळत नाही. स्टेटमेंटवर फक्त शुल्क म्हणून लावलेले पैसे दिसतात. दरातच मिसळलेले पैसे शोधायचे तर मूळ दर माहीत असावा लागतो.

आता त्याची खरेदी पाहू. एका दुकानात १,२०० दिरहमचं सामान घेतलं. मशीनवर रक्कम दिरहममध्येच आली, त्याने पिन टाकला, स्लिप घेतली आणि बाहेर पडला. नेटवर्कने १,२०० ला २३.४० ने गुणलं, २८,०८० रुपये झाले. त्यावर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप ९८२ रुपये ८० पैसे. मार्कअप हे बँकेच्या सेवेचं शुल्क असल्याने त्यावर १८ टक्के जीएसटी, तो १७६ रुपये ९० पैसे. एकूण २९,२३९ रुपये ७० पैसे. म्हणजे साडेतीन टक्क्यांचं कार्ड प्रत्यक्षात ४.१३ टक्क्यांना पडतं. बँकेच्या माहितीपत्रकात ३.५ हाच आकडा ठळक असतो आणि ‘अधिक लागू कर’ हे शब्द शेजारी बारीक. जीएसटी खरेदीवर लागत नाही, मार्कअपवरच लागतो, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. कर २८,०८० रुपयांवर लागला, असं त्याला वाटलं होतं.

त्याचा आणखी एक प्रश्न होता: खरेदी एक, मग स्टेटमेंटवर ओळी इतक्या का? अनेक बँका मूळ रक्कम एका ओळीत, मार्कअप दुसऱ्या ओळीत आणि जीएसटी तिसऱ्या ओळीत दाखवतात. जीएसटी कधी आयजीएसटी म्हणून एकत्र येतो, कधी केंद्र आणि राज्य अशा दोन ओळींत. या ओळी नेहमी एकाखाली एक येत नाहीत. मार्कअप दोन-चार दिवसांनी लागतो, मध्ये भाजीचं आणि पेट्रोलचं बिल येऊन जातं आणि तोवर संबंध तुटतो. काही बँका तर मार्कअप मूळ रकमेतच मिसळून एकच आकडा दाखवतात. अशा वेळी स्टेटमेंटवरच्या रुपयांना स्लिपवरच्या दिरहमने भागायचं आणि येणारा दर नेटवर्कच्या दराशी ताडून पाहायचा. फरक चार टक्क्यांच्या आसपास असेल तर मार्कअप आणि त्यावरचा कर आतच आहे.

थोडाफार फरक तारखेमुळेही पडतो. खरेदी शुक्रवारी झाली आणि दुकानाच्या बँकेकडून व्यवहार सोमवारी पुढे आला, तर ज्या दिवशी तो नेटवर्ककडे हिशेबाला आला त्या दिवसाचा दर लागलेला असू शकतो. खरेदीच्या क्षणी मोबाइलवर दिसलेला रुपयांचा आकडा आणि स्टेटमेंटवरचा आकडा यांत किरकोळ तफावत दिसली तर ती बहुधा यातून येते. पाच-सहा टक्क्यांची तफावत मात्र तारखेने पडत नाही. तिथे दुसरं काहीतरी घडलेलं असतं.

ते दुसरं काय, हे तिच्या स्लिपवर छापलेलं होतं.

हॉटेलचं बिल २,४०० दिरहम. काउंटरवरच्या मुलाने कार्ड घेतलं, मशीन स्वतःकडे वळवलेलं होतं, आणि विचारलं, “मॅडम, रुपयांत करू का?” ती हो म्हणाली. आपलं कार्ड भारतातलं, बिल रुपयांत झालं की नेमके किती गेले ते तिथल्या तिथे कळेल, असा तिचा विचार. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत बहुतेक लोक याच विचाराने हो म्हणालेले असतात. त्यात मूर्खपणा काही नाही, कारण प्रश्नच असा विचारला जातो की हो म्हणणं सुरक्षित वाटावं. तिने पिन टाकला. स्लिपवर तीन ओळी होत्या:

```
AED 2,400.00
1 INR = 0.0403 AED
INR 59,529.60
```

मधली ओळ मुद्दाम पाहा. दर उलटा लिहिला आहे. एका दिरहमला किती रुपये हे न सांगता, एका रुपयाला किती दिरहम हे सांगितलं आहे. ०.०४०३ हा आकडा पाहून कुणाच्याही डोक्यात काही येत नाही. नेटवर्कच्या दराने तिथे ०.०४२७ असायला हवं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी माणसाला फरक नगण्य वाटतो. पण ५९,५२९.६० ला २,४०० ने भागा, दर निघतो २४ रुपये ८० पैसे. मूळ दर २३.४०. दिरहममागे एक रुपया चाळीस पैसे जास्त, म्हणजे सरळ सहा टक्के. स्लिपच्या तळाशी बारीक अक्षरात सहा टक्के मार्जिनचा उल्लेखही होता, आणि चलनाची निवड ग्राहकाने केली आहे असं वाक्यही. लपवलेलं काहीच नव्हतं, पण रिसेप्शनसमोर सामान घेऊन उभं असताना ते कोण वाचतं?

या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, बँकेतल्या बोलण्यात डीसीसी. यात चलन बदलण्याचं काम नेटवर्ककडून काढून दुकानदाराच्या बाजूला नेलं जातं. मशीन कार्डाच्या पहिल्या आकड्यांवरून ओळखतं की हे कार्ड भारतातलं आहे, आणि रुपयांचा पर्याय पुढे करतं. दर ठरवते दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली रूपांतर कंपनी. त्यात त्यांचं मार्जिन असतं आणि त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. म्हणून हॉटेलांत, विमानतळांवर आणि पर्यटकांच्या दुकानांत हा पर्याय इतक्या आग्रहाने विचारला जातो. काउंटरवरच्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला बहुधा तसंच शिकवलेलं असतं. पण कार्डधारकाचा यात काय फायदा, असं विचाराल तर रकमेचा आकडा लगेच कळतो, एवढाच. त्यासाठी तिने ३,३६९ रुपये ६० पैसे मोजले. नेटवर्कच्या दराने तिचं बिल ५६,१६० रुपये झालं असतं.

आणि तिचं शून्य मार्कअपचं कार्ड? ते या व्यवहारात कामालाच आलं नाही. बँकेचा मार्कअप शून्य असणं म्हणजे नेटवर्कने दिरहमचे रुपये केल्यावर बँक त्यावर काही चढवणार नाही. इथे बँकेकडे व्यवहार पोचला तोच रुपयांत. रूपांतर आधीच, दुसऱ्या कुणीतरी, स्वतःच्या दराने करून टाकलं होतं.

गोष्ट इथेही संपली नाही. तिच्या स्टेटमेंटवर हॉटेलच्या ओळीनंतर काही दिवसांनी ५९५ रुपये ३० पैशांची एक ओळ होती आणि १०७ रुपये १५ पैशांचा जीएसटी. तिने बँकेला फोन करून विचारलं की शून्य मार्कअपचं कार्ड आहे, शिवाय बिल रुपयांत आहे, मग हे शुल्क कसलं? फोनवरच्या व्यक्तीने ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार शुल्क’ एवढंच सांगितलं, आणि तिचं समाधान झालं नाही.

हे शुल्क चुकीने लागलेलं नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच बँका परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावर वेगळं शुल्क लावतात. कुठे एक टक्का, कुठे दीड, आणि वर जीएसटी. काही कार्डांवर तर पूर्ण मार्कअप लागतो. शुल्क चलनावर अवलंबून नसून दुकानाची नोंदणी कोणत्या देशात आहे यावर असतं. म्हणूनच घरी बसून एखाद्या परदेशी संकेतस्थळावर रुपयांत किंमत पाहून, रुपयांतच पैसे भरले तरी महिनाअखेरीस ही ओळ उगवते. या जोडप्यानेही वाळवंटातल्या सफारीचं तिकीट असंच घरून काढलं होतं आणि त्यावरही एक टक्का लागला होता. रक्कम लहान म्हणून त्यांच्या नजरेतून सुटलं होतं, इतकंच.

आता तिचा पूर्ण हिशेब असा: मशीनवरचे ५९,५२९.६०, बँकेचे ५९५.३०, कराचे १०७.१५, एकूण ६०,२३२ रुपये ५ पैसे. मूळ दराच्या हिशेबापेक्षा ४,०७२ रुपये जास्त, म्हणजे सव्वासात टक्के. तेच बिल तिने दिरहममध्ये भरलं असतं तर वरचा खर्च शून्य. नवऱ्याच्या साध्या कार्डाने दिरहममध्ये भरलं असतं तर ५८,४७९ रुपये, म्हणजे तरीही पावणेदोन हजारांनी स्वस्त. आणि सर्वात वाईट जुळणी म्हणजे नवऱ्याचं कार्ड, व्यवहार रुपयांत, आणि बँक रुपयांच्या परदेशी व्यवहारावरही पूर्ण साडेतीन टक्के लावणारी. तेव्हा आकडा ६१,९८८ वर जातो, मूळ दराच्या दहा टक्क्यांहून वर. एकाच बिलावर ५६,१६० ते ६१,९८८ एवढी दरी पडते. कार्ड कोणतं, हा प्रश्न त्यात दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न मशीनवर कोणतं चलन निवडलं हा. लोक महिनाभर शून्य मार्कअपचं कार्ड शोधतात आणि ते शोधणं रास्तही आहे, पण मशीनवरच्या त्या एका बटणाची कुणी त्यांना कल्पना देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैसे परत मिळतील का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. नेटवर्कच्या नियमाप्रमाणे चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे. दुकानदाराने न विचारता रुपये लावले, किंवा नको म्हटल्यावरही लावले, तर कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेकडे चुकीच्या चलनात व्यवहार झाल्याची तक्रार करता येते. व्हिसाच्या नियमांत यासाठी स्वतंत्र कारण आहे, त्याचा क्रमांक १२.३. पण तक्रारीत स्लिपला वजन असतं. निवड ग्राहकाने केली असं स्लिपवर छापलेलं असेल आणि पिन टाकलेला असेल, तर दुकानदाराची बँक तेच पुढे करते. तिच्या बाबतीत विचारलं गेलं होतं आणि ती हो म्हणाली होती. तक्रार करू नका असं मी सांगितलं, कारण ती खरी ठरली नसती. बँकेने लावलेला एक टक्का सद्भावनेने सोडावा अशी विनंती मात्र करून पाहायला हरकत नव्हती. तिने ती केली. बँकेने शुल्कपत्रकाकडे बोट दाखवून नाकारली.

तिथल्या तिथे लक्षात आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. दुकानदार दिवसभराचे व्यवहार एकत्र करून बहुधा रात्री पुढे पाठवतो. तोपर्यंत झालेला व्यवहार मशीनवर रद्द करता येतो, ज्याला तिथले लोक व्हॉइड म्हणतात. व्हॉइड झाला की व्यवहार हिशेबाला येतच नाही, दर आणि शुल्काचा प्रश्नच उरत नाही. मग तेच बिल दिरहममध्ये पुन्हा घ्यायला सांगायचं. रात्र उलटली की व्हॉइडची वेळ गेली आणि रिफंड घ्यावा लागतो. रिफंड हा स्वतंत्र व्यवहार असतो, त्याला त्या दिवसाचा दर लागतो. मूळ व्यवहारावर बँकेने घेतलेलं शुल्क रिफंडसोबत परत येईलच असं नाही. त्यामुळे दुकानदार “काळजी करू नका, नंतर रिफंड करतो” म्हणाला तर आत्ताच व्हॉइड करा, असा आग्रह धरावा.

मग तिथल्या तिथे ओळखायचं कसं? स्लिप वाचणं उत्तमच, पण त्याहून सोपी खूण खिशात असते. कार्ड चाललं की क्षणात बँकेचा एसएमएस येतो. त्याच्या स्टेटमेंटवरच्या खरेदीचा एसएमएस त्याच्या फोनमध्ये अजून होता: `AED 1,200.00 spent`. तिच्या फोनमध्ये हॉटेलचा होता: `INR 59,529.60 spent`. एसएमएसमध्ये स्थानिक चलन दिसलं की रूपांतर नेटवर्क करणार. रुपये आणि पैशांपर्यंतचा नेमका आकडा दिसला की रूपांतर बहुधा मशीनवर होऊन गेलं आहे. काही बँका स्थानिक चलनातल्या व्यवहाराचाही अंदाजे रुपयांतला आकडा एसएमएसमध्ये देतात, म्हणून आपल्या बँकेची पद्धत पहिल्याच छोट्या खरेदीत, चहा-पाण्याच्या बिलावर, तपासून घ्यावी. स्लिपवर फक्त दिरहम असून एसएमएसमध्ये रुपये आले, तर ती बँकेची पद्धत. स्लिपवरच रुपये असले, तर ते डीसीसी. परदेशात भारतीय सिम बंद ठेवणाऱ्यांनी निदान बँकेच्या ॲपच्या सूचना वायफायवर चालू ठेवाव्यात, नाहीतर ही खूण दुसऱ्या दिवशी दिसते आणि तेव्हा व्हॉइडची वेळ गेलेली असते.

हॉटेलात आणखी एक जागा सांभाळावी लागते, ती म्हणजे चेक-इनची. आल्या आल्या अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून ठेवतात आणि एका फॉर्मवर सही घेतात. काही फॉर्मवर, शेवटचं बिल कार्डाच्या चलनात घ्यायला संमती आहे, अशी ओळ असते. सही तिथे झाली की निघताना कुणी विचारलं नाही तरी ते आपल्या संमतीनेच झालं, असं हॉटेल म्हणू शकतं. ती ओळ खोडून शेजारी दिरहम असं लिहायचं आणि सही करायची. तोंडी सांगायचं तर वाक्य एकच पुरतं: “चार्ज इन दिरहम, नो कन्व्हर्जन.” शक्य असेल तिथे मशीन आपल्याकडे वळवून घ्यावं आणि बटण आपण दाबावं. पडद्यावर दोन झेंडे किंवा दोन रकमा दिसल्या तर स्थानिक चलनाची रक्कम निवडायची. रुपयांची रक्कम बऱ्याचदा हिरव्या बटणासमोर ठेवलेली असते आणि हात सवयीने हिरव्यावर जातो.

एटीएमवर हाच प्रश्न जरा घाबरवून विचारतात. रूपांतरासह पुढे जायचं की रूपांतराशिवाय? रूपांतर नाकारलं तर व्यवहारच रद्द होईल, असं वाटावं अशी शब्दरचना असते. तसं सहसा होत नाही. नाकारलं तरी पैसे येतात, फक्त दर नेटवर्कचा लागतो. मशीनच्या मालकाचं वेगळं शुल्क असेल तर ते दोन्हीकडे तेवढंच राहतं. क्रेडिट कार्डाने रोकड मात्र काढू नये, कारण रोकडीवरचं व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. एटीएमसाठी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड ठेवावं.

तिच्या चार हजारांपैकी काहीही परत आलं नाही. पण तिच्याच हॉटेलात उतरलेल्या बहिणीने दोन दिवसांनंतरचं आपलं बिल अशाच शून्य मार्कअपच्या कार्डाने दिरहममध्ये भरलं होतं. त्या स्टेटमेंटवर एकच ओळ आहे. रुपयांना दिरहमने भागल्यावर येणारा दर त्या दिवसाच्या नेटवर्कच्या दराशी पैशापर्यंत जुळतो, आणि खाली शुल्काची ओळ नाही.